स्क्रीनशॉटमधली तूरडाळ: किलोला सगळ्यात स्वस्त कोणती?

प्रश्न: मी सांगलीत राहते, घरात चौघं आहोत, महिन्याला साधारण दोन किलो तूरडाळ लागते. किराणा ॲपवरून मागवायची म्हणून स्क्रीनशॉट काढलाय. त्यात ५०० ग्रॅम ८४ रुपये, ९०० ग्रॅम १४७, १ किलो १५९, ५०० ग्रॅमच्या दोनचा पॅक १६४, २ किलो ३३४, ५ किलो ७७९ आणि एक अनपॉलिश डाळ ५०० ग्रॅम ११९ अशा सात पिशव्या आहेत. प्रत्येकीवर सूट वेगळी. किलोला सगळ्यात स्वस्त कोणती आणि हे दर वेळी पटकन कसं काढायचं? मोठा पॅक स्वस्तच पडतो ना?

उत्तर:

ताई, नुसत्या किलोच्या भावाने पाहिलं तर ५ किलोची पिशवी सगळ्यात खाली येते, १५५ रुपये ८० पैसे. तिच्या खालोखाल १ किलोची, १५९ रुपये. पण तुमच्या घरचा खप बघता मी १ किलोच्या दोन पिशव्या घ्या म्हणेन. त्याचं कारण पुढे येईलच. आणि मोठा पॅक स्वस्तच पडतो, हे तुमच्याच स्क्रीनशॉटने खोटं ठरवलंय. २ किलोची पिशवी ३३४ रुपयांना आहे, १ किलोच्या दोन घेतल्या तर ३१८ होतात. तीच दोन किलो डाळ एका पिशवीतून घेतली म्हणून १६ रुपये जास्त.

मी आधी मार्केट यार्डात एका अडतीवर ११ वर्षं दिवाणजी होतो आणि गेली १४ वर्षं विश्रामबागेतल्या एका विद्यार्थ्यांच्या मेसची खरेदी बघतो. रोज दीडशे पानं उठतात. त्यामुळे किलोमागे दोन रुपये इकडे तिकडे झाले तरी महिन्याच्या शेवटी वहीत दिसतात. पूर्वी गणपती पेठेत चार दुकानं फिरून भाव काढायचो, आता निम्मा माल ॲपवर बघतो. पण हिशोबाची रीत तीच राहिली आहे.

भागाकार सोपा आहे. लोक चुकतात ते भागाकाराच्या आधी, चुकीचा आकडा उचलून. म्हणून आधी स्क्रीनशॉट साफ करून घ्या. फोनमध्ये फोटोवर रेघा मारायची सोय असते ती उघडा आणि लाल रंगाने प्रत्येक पिशवीखालच्या दोन गोष्टी खोडून टाका: खोडलेली छापील किंमत आणि टक्क्यांची सूट. त्या दोन्ही तुमच्या कामाच्या नाहीत. उरतात फक्त दोन आकडे, द्यायचे रुपये आणि निव्वळ वजन.

टक्के खोडायला का सांगतो ते तुमच्याच डाळीवरून दाखवतो. सगळ्यात मोठी सूट ९०० ग्रॅमच्या पिशवीवर आहे, २६ टक्के. १ किलोच्या पिशवीवर २४ टक्के. साहजिकच नजर ९०० ग्रॅमवर जाते. पण ९०० ग्रॅमची छापील किंमत १९९ आहे, म्हणजे किलोला २२१ रुपये. १ किलोची छापील किंमत २१०. आधीच अकरा रुपये वर चढवलेल्या किमतीतून २६ टक्के काढले, तर हातात येणारा भाव किलोला १६३ रुपये ३३ पैसे. आणि २१० मधून २४ टक्के काढले तर १५९. टक्का हा त्या पिशवीच्या स्वतःच्या छापील किमतीशी बोलतो, शेजारच्या पिशवीशी त्याचा काही संबंध नसतो. दोन पिशव्यांची तुलना टक्क्यांवरून होऊच शकत नाही.

आता भागाकार. द्यायचे रुपये भागिले ग्रॅम, गुणिले हजार. वजन किलोत लिहिलं असेल तर आधी ग्रॅम करून घ्या, म्हणजे सगळ्या पिशव्या एकाच मापात येतात. तुम्ही स्प्रेडशीट वापरत असाल तर पहिली ओळ नावांना सोडा, दुसऱ्या ओळीपासून दुसऱ्या रकान्यात रुपये, तिसऱ्या रकान्यात ग्रॅम भरा आणि दुसऱ्या ओळीच्या चौथ्या रकान्यात हे टाका:

```
=B2/C2*1000
```

मग ते खाली ओढलं की सगळे भाव येतात आणि त्या रकान्यावर लहान ते मोठा क्रम लावला की स्वस्त ते वर. पण सात पिशव्यांसाठी शीट उघडायची गरज नाही, तोंडी होतं. आमच्या वडिलांच्या पिढीला शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी पाठ करून घ्यायचे. पेढीवर जुने लोक त्याच्यावरच भाव काढायचे आणि मीही तिथेच शिकलो. ॲपवरच्या पिशव्यांना ती रीत जशीच्या तशी लागू पडते. ५०० ग्रॅमची किंमत दुप्पट करा, २५० ची चौपट, २०० ची पाचपट, ४०० ची अडीचपट. ७५० ग्रॅम असेल तर किमतीत तिचाच तिसरा हिस्सा मिळवा. ९०० ग्रॅम असेल तर नववा हिस्सा मिळवा. १४७ चा नववा हिस्सा १६ रुपये ३३ पैसे, तो १४७ मध्ये मिळवला की १६३.३३. ३५० किंवा ८५० ग्रॅमसारखं आडनिडं वजन आलं की मात्र सरळ कॅल्क्युलेटर काढा, तिथे तोंडी हिशोबाचा हट्ट धरू नका.

तुमच्या पिशव्यांचा किलोचा भाव असा आला: ५ किलो १५५.८०, १ किलो १५९, ९०० ग्रॅम १६३.३३, दोनचा पॅक १६४, २ किलो १६७, ५०० ग्रॅम १६८. हे आकडे स्क्रीनशॉटवरच त्या त्या पिशवीशेजारी लिहून ठेवा. पुढच्या महिन्यात दुसरा स्क्रीनशॉट काढाल तेव्हा मागचा भाव शेजारी धरता येतो.

अनपॉलिश डाळ या ओळीत मुद्दाम घातली नाही. तिचा भाव २३८ येतो, पण ती महाग आहे असं म्हणणं बरोबर नाही, कारण तो मालच वेगळा. पॉलिश डाळ घासून चमकवलेली असते, अनपॉलिश मळकट दिसते, शिजायलाही वेगळी लागते. तुम्हाला तीच हवी असेल तर तिची तुलना दुसऱ्या अनपॉलिश डाळीशी करा. तेच जुन्या आणि नव्या तांदळाचं, अख्ख्या आणि तुकडा काजूचं, राजापुरी हळकुंडाच्या पुडीचं आणि साध्या हळदपुडीचं. किलोचा भाव एका जातीच्या, एका प्रतीच्या मालातच बोलतो. अडतीवर कुणी हळदीचा भाव विचारला की आम्ही उलट विचारायचो, कुठल्या हळदीचा? ते विचारल्याशिवाय आकडा सांगायची पद्धतच नव्हती.

आता सगळ्यात जास्त घोटाळा जिथे होतो तिकडे येतो, म्हणजे वजनाकडे. किंमत ठळक अक्षरात असते, वजन मात्र नावाखाली बारीक, करड्या अक्षरात. स्क्रीनशॉट कापताना नेमकी तीच ओळ जाते. दोन वर्षांमागे मेसमध्ये शेंगदाणे हवे होते. माझ्या पुतण्याने मला एका ॲपचा स्क्रीनशॉट पाठवला, चित्र आणि ७२ रुपये एवढंच दिसेल असा कापून. पिशवी नेहमीच्या आकाराची दिसत होती, मी ती ५०० ग्रॅमची धरली, किलोचा भाव १४४ काढला. त्या दिवशी पेठेत सुटे दाणे १५० ने होते, म्हणून ॲपवरून २० पिशव्या मागवल्या. माल आला. स्वयंपाकाच्या मावशींनी एक पिशवी हातात घेतली, दोनदा वरखाली केली आणि म्हणाल्या, “दादा, ही हलकी लागतीया.” आम्ही काट्यावर टाकली. पिशवीवर खाली बारीक छापलं होतं, ४५० ग्रॅम. म्हणजे खरा भाव किलोला १६० आणि दहा किलोच्या जागी नऊच किलो माल. चूक माझी होती, ॲपवर वजन लिहिलेलं होतंच. पण किलोमागे दहा रुपये जास्त देऊन वर एक किलो दाण्यांसाठी पेठेत पुन्हा जावं लागलं. तेव्हापासून घरात आणि मेसमध्ये मी सांगून ठेवलंय, वजनाची ओळ नसलेला स्क्रीनशॉट मला पाठवायचा नाही.

४५०, ८५०, ९०० अशी वजनं आता जास्त दिसतात त्याला कारण आहे. पूर्वी चहा, बिस्किटं, खाद्यतेल अशा ठरावीक वस्तू ठरावीक मापांतच भराव्या लागत. २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांमध्ये त्या मापांची यादी होती. २०२१ च्या दुरुस्तीत ती यादी काढली गेली. त्यामुळे आता कंपनीला हवं ते वजन भरता येतं, फक्त ते पिशवीवर खरं छापलं पाहिजे. म्हणून पिशवीचा आकार बघून “ही किलोचीच असणार” असं धरायचे दिवस गेले.

त्याच दुरुस्तीने ग्राहकाच्या बाजूची एक गोष्टही आणली. पिशवीवर छापील किमतीसोबत एककाचा भावही छापायचा. वजन किलोपेक्षा कमी असेल तर दर ग्रॅमला, किलोपेक्षा जास्त असेल तर दर किलोला. बरोबर १ किलोच्या पिशवीवर तो वेगळा नसतो, कारण छापील किंमत हाच किलोचा भाव. ॲपवर पिशवीच्या मागच्या बाजूचा फोटो मोठा करून पाहिला तर हा आकडा सापडतो आणि बऱ्याच जणांना वाटतं की आता हिशोब करायलाच नको. इथे दोन अडचणी आहेत.

पहिली अशी की तो भाव छापील किमतीवरून काढलेला असतो, तुम्ही देणार त्या किमतीवरून नाही. ॲपवर सूट प्रत्येक पिशवीला वेगळी, त्यामुळे छापील भावांचा क्रम आणि खऱ्या भावांचा क्रम वेगळा निघू शकतो. दुसरी अडचण ग्रॅमच्या भावाची. तो दोन दशांशांपर्यंत लिहितात. तुमच्या ५०० ग्रॅमच्या पिशवीवर ग्रॅमला ०.२१ रुपये असेल. ऐकायला नेमकं वाटतं, पण ०.२१ म्हणजे ०.२०५ पासून ०.२१५ पर्यंत काहीही असू शकतं. हजाराने गुणलं की किलोला २०५ ते २१५. दहा रुपयांची फट आहे ती. तुमच्या पहिल्या सहा पिशव्यांमधला सगळा फरक बारा-तेरा रुपयांचा, मग एवढ्या जाड मापाने तो कसा मोजणार? ग्रॅमचा भाव हिंग, वेलदोडा अशा महाग मालाला चालतो, तिथे एका ग्रॅमला काही रुपये पडतात. डाळ, तांदूळ, साखरेला त्याचा उपयोग नाही.

काही ॲप स्वतःहून किमतीखाली “१०० ग्रॅमला इतके” असं दाखवतात. ते बहुतेक सुटीनंतरच्या किमतीवरून असतं, म्हणून कामाचं. दहाने गुणा, किलोचा भाव आला. १६.८० दिसले की १६८. फक्त एका पिशवीखाली १०० ग्रॅमचा आणि दुसरीखाली किलोचा भाव असला तर नजर फसते, तेवढं बघा.

स्क्रीनशॉटवर आणखी दोन जागा तपासा. एक म्हणजे चित्र. एकाच डाळीची चार वजनं असली की अनेकदा चारही ठिकाणी एकच चित्र लावलेलं असतं, चित्रातल्या पिशवीवर १ किलो आणि खाली लिहिलेलं ५०० ग्रॅम. लिहिलेलं धरा, चित्र नाही. दुसरी जागा “दोनचा पॅक”. १६४ रुपये दोन्ही पिशव्यांचे मिळून आहेत की एकीचे, हे वस्तू उघडून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. तुमच्या बाबतीत उघड आहे, कारण एकटी ५०० ग्रॅमची ८४ ला आहे, म्हणजे १६४ दोन्हींचे. इतकं स्पष्ट नेहमी नसतं. नावात २ x 500 g असं असेल तर एकूण वजन १००० ग्रॅम धरा. नुसतं “पॅक ऑफ २” असेल आणि पुढे ५०० ग्रॅम लिहिलं असेल तर वस्तूच्या माहितीत निव्वळ वजन काय आहे ते वाचा. ते ५०० असेल तर प्रत्येकी २५० ग्रॅमच्या दोन पिशव्या येणार.

काही जण फोनवरून स्क्रीनशॉटमधला मजकूर कॉपी करून शीटमध्ये टाकतात. पन्नास वस्तू असतील तर वेळ वाचतो, मीही करतो. पण त्यात ठरलेल्या चुका होतात. रुपयाची खूण कधी ७ तर कधी २ म्हणून उतरते आणि १५९ चे ७१५९ होतात. 500g मधला g हा ९ सारखा वाचला जाऊन ५००९ होतं. खोडलेल्या किमतीवरची रेघ फोनला कळत नाही, म्हणून छापील किंमत आणि खरी किंमत शेजारी शेजारी सुट्या उतरतात. त्यामुळे भाव काढून झाले की रकान्यावरून एकदा नजर फिरवा. तूरडाळ किलोला १६ रुपये किंवा ७ हजार दिसली तर ते आकडे कॉपी होताना बिघडलेत.

डाळ, तांदळाचं वजन तरी ग्रॅममध्ये असतं. तेलात लिटर येतं आणि तिथे मोठमोठी माणसं चुकतात, म्हणून विषयाला थोडं सोडून सांगतो. एक लिटर तेल म्हणजे एक किलो नव्हे. खाद्यतेलाचं एक लिटर ३० अंशाच्या आसपास साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणून पिशवीवर १ लिटर आणि ९१० ग्रॅम असं दोन्ही छापलेलं असतं. मेसला १५ चा डबा लागतो. मागे माझ्यासमोर दोन डबे होते, एक १५ लिटरचा २१७५ रुपयांना, दुसरा १५ किलोचा २३४० ला. नवीन लागलेल्या पोराने लगेच पहिला निवडला, १६५ रुपये वाचतात म्हणून. मी त्याला वजन काढायला लावलं. १५ लिटर गुणिले ९१० ग्रॅम म्हणजे १३ किलो ६५० ग्रॅम. त्या डब्याचा किलोचा भाव १५९ रुपये ३४ पैसे आणि किलोच्या डब्याचा १५६. स्वस्त दिसणारा डबा किलोला तीन रुपयांहून जास्त महाग आणि त्यात तेलही १ किलो ३५० ग्रॅम कमी. घरच्यासाठी रीत हीच: पिशवीवर ग्रॅम छापलेले असतात, लिटर सोडून द्या आणि त्या ग्रॅमनेच भागा.

आता तुमच्या ५ किलोच्या पिशवीकडे परत येऊ. १ किलोच्या पाच पिशव्या ७९५ ला पडतात, ही ७७९ ला. वाचतात १६ रुपये. १६ रुपयांची तूरडाळ होते साधारण १०० ग्रॅम, म्हणजे एक लहान वाटीभर. महिन्याला दोन किलो खप असेल तर ही पिशवी तुम्हाला अडीच महिने पुरेल. त्या अडीच महिन्यांत वाटीभरापेक्षा जास्त डाळ किडीने किंवा ओलाव्याने टाकावी लागली, की वाचलेलं सगळं गेलं. सांगलीतला जून ते सप्टेंबर तुम्हाला माहीत आहे, उघडलेल्या पिशवीत आठ-पंधरा दिवसांत भुंगे दिसायला लागतात. मार्च-एप्रिलमध्ये घेतलीत, कडक ऊन देऊन घट्ट झाकणाच्या डब्यात भरलीत, तर पाच किलो घ्यायला हरकत नाही. पावसाळ्यात १ किलोच्या दोन पिशव्या घ्या, एक उघडा, दुसरी बंद राहू द्या. मेसला पाच किलो डाळ एका दिवसाला लागते, त्यामुळे मी मोठीच घेतो. किलोचा भाव दोघांनाही तोच आहे, खप वेगळा आहे.

डिलिव्हरीचे पैसे या हिशोबात कुठे धरायचे, हेही विचारतात. महिन्याचा सगळा किराणा एकत्र मागवत असाल तर डाळीवर ते लादू नका, ते पूर्ण बिलाचे आहेत आणि कुठलीही पिशवी घेतली तरी तेवढेच लागणार. क्रम बदलत नाही. “५०० च्या वर ५० सूट” अशा कूपनचंही तसंच, ते बिलाला लागतं. पण अडीअडचणीला नुसती डाळच मागवत असाल तेव्हा चित्र बदलतं. समजा डिलिव्हरी ३० आणि हाताळणीचे १० असे ४० रुपये लागले, तर १ किलोची १५९ ची डाळ घरात येईपर्यंत १९९ ची होते. तेव्हा कोपऱ्यावरच्या वाण्याकडे १७० ने सुटी डाळ मिळत असेल तर तीच स्वस्त. सुटी घेताना मात्र प्लॅस्टिकची पिशवी काट्यावर ठेवून काटा शून्य केला का, तेवढं बघा. अडतीवर बारदानाचं वजन वजा केल्याशिवाय आम्ही पट्टी लिहीत नव्हतो.

सभासदांसाठीचा वेगळा भाव असेल तर तुम्ही सभासद आहात का, यावर तो धरायचा की नाही ते ठरवा. फळभाज्यांवर “१ नग, ४०० ते ६०० ग्रॅम” असं असतं, तिथे ४०० धरूनच भाव काढा.

आणि स्क्रीनशॉट हा त्या क्षणाचा असतो. संध्याकाळी भाव वेगळा, दुसऱ्या पिन कोडला वेगळा. तुमच्या बहिणीने पुण्यातून पाठवलेला स्क्रीनशॉट सांगलीत चालेलच असं नाही. म्हणून ठरवलेली पिशवी कार्टमध्ये टाकल्यावर पैसे भरण्याआधी तिथले रुपये आणि तिथलं वजन एकदा तुमच्या लिहिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. कार्टमध्ये वजन बदललेलं मी स्वतः पाहिलंय. १ किलो संपलेली असते आणि यादीत तिच्या जागी बोट ५०० ग्रॅमवर पडलेलं असतं.

माल आला की पहिली पिशवी घरच्या काट्यावर टाका. छापलेलं वजन हे निव्वळ वजन असतं, म्हणजे प्लॅस्टिक सोडून. त्यामुळे १ किलोची बंद पिशवी काट्यावर हजारापेक्षा काही ग्रॅम जास्तच दिसायला हवी. नियमात १ किलोच्या पिशवीला १५ ग्रॅमपर्यंतची चूक माफ आहे. बंद पिशवीच ९७० दाखवत असेल, तर आधी त्याच काट्यावर वजन माहीत असलेली दुसरी एखादी वस्तू ठेवून काटा बरोबर आहे ना ते बघा. काटा बरोबर निघाला तर पिशवी फोडू नका. काट्यावर ठेवलेली असतानाच फोटो काढा आणि ॲपवर तक्रार टाका. तिथे दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, आणि वजनाच्या तक्रारी वैधमापन खात्याकडे जातात. बंद पिशवी, बिल आणि तो पहिला स्क्रीनशॉट, तिन्ही सांभाळून ठेवा.